मानेचं घामोळं आणि घडीतली लाली

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की मी दुकानातला पावडरींचा रॅक काउंटरच्या बाजूला ओढून घेते. डोंबिवलीत औषधाचं दुकान चालवायला लागून मला आता बावीस वर्षं झाली. या दिवसांत दर तिसरं गिऱ्हाईक एकच वाक्य बोलतं, "ताई, घामोळ्याची पावडर द्या." डबा काढायच्या आधी मी विचारते, "आलंय कुठे?" मानेवर, पाठीवर असेल तर माणूस तिथेच कॉलर खाली ओढून दाखवतो. दुसऱ्या जागी असेल तर आवाज खाली येतो, नजर बाजूच्या गिऱ्हाइकाकडे जाते आणि उत्तर मिळतं, "असंच, अंगाला." हे 'अंगाला' म्हणजे काखेत, जांघेत, स्तनांच्या खाली किंवा सुटलेल्या पोटाच्या वळीखाली. दोन्हीकडे कारण घामच असतो, बोलीभाषेत नावही एकच, पण मान आणि घडी यांत कातडीला होतं ते अगदी वेगळं. म्हणून एका जागी चालणारी पावडर दुसऱ्या जागी त्रास वाढवू शकते.

हे मला एका काकूंमुळे नीट बोलायची सवय लागली. आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं पोळीभाजी केंद्र आहे. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने भरलेल्या. पहाटे पाचपासून साडेअकरापर्यंत त्या तव्यासमोर उभ्या, खिडकी एकच, पंखा लावायची सोय नाही, कारण वाऱ्याने गॅसची ज्योत हलते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्या मान दाखवायला आल्या. मंगळसूत्राच्या रेषेच्या वरखाली, केसांच्या मुळाशी आणि गळ्याच्या वळ्यांत राईएवढे लाल दाणे उठले होते. "टोचतंय हो, नुसत्या सुया टोचल्यासारखं. आणि चुलीपुढे गेलं की जास्त." मी त्यांना घामोळ्याची थंडगार पावडर दिली. दहा दिवसांनी त्या परत आल्या. मान बरीच निवळली होती. पण दुकानात दुसरं कोणी नाही असं बघून त्या हळूच म्हणाल्या, "खाली मात्र जळतंय. पावडर लावली की डोळ्यांतून पाणी येतं." दहा दिवसांत त्यांनी आख्खा डबा संपवला होता, अर्धा मानेवर आणि अर्धा स्तनांच्या खालच्या घडीत.

मानेचं आधी बघू. घामाची ग्रंथी कातडीत खोलवर असते आणि तिची बारीक नळी वर येऊन पृष्ठभागावर उघडते. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तो तासन् तास ओला राहिला की फुगतो. फुगलेल्या थरात नळीचं तोंड दाबलं जातं. त्यात भर पडते ती कातडीवर कायम राहणाऱ्या एका जिवाणूची, स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिसची. एरवी हा निरुपद्रवी असतो, पण घामाच्या ओलीत तो वाढतो आणि एक चिकट पदार्थ सोडतो. नळीच्या तोंडाशी बूच बसवण्यात या चिकट पदार्थाचा हात असतो, असं प्रयोगांतून दिसलेलं आहे. ग्रंथीला मात्र वर बूच बसलंय याचा पत्ताच नसतो. ऊन लागलं, शेगडी पेटली की ती घाम सोडतच राहते. वाट बंद असल्यामुळे तो घाम नळीतून फुटून आजूबाजूच्या कातडीत झिरपतो. सुई टोचल्यासारखं वाटतं ते तेव्हा. म्हणून घामोळं गारव्यात गप्प असतं आणि चुलीपुढे गेलं की पेटतं. काकूंनी नेमकं हेच सांगितलं होतं.

मग ते बरं कसं होतं? फुगलेला थर हळूहळू झडतो, खालून नवा येतो आणि नळीचं तोंड पुन्हा मोकळं होतं. याला साधारण दोन आठवडे लागतात, कधी थोडे जास्त. तोवर नवा घाम जितका कमी येईल तितकं बरं. दिवसातले काही तास तरी कातडी सुकी आणि गार राहिली पाहिजे. कुठलीच पावडर ते बूच उपटून काढत नाही. काही घामोळ्याच्या पावडरींत सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते मेलेल्या पेशींचा थर सैल करतं हे खरं. पण ते मलमात किंवा पाण्यात मिसळून लावलं तर जितकं भिडतं तितकं कोरड्या भुकटीतून भिडत नाही. पावडरीचं काम खाज आणि टोचणी सुसह्य करण्याचं, म्हणजे आपण नखांनी ओरबाडत नाही. हेही कमी नाही. ओरबाडलेल्या घामोळ्यात पू होतो आणि मग दोन आठवड्यांचं दुखणं महिनाभर चालतं.

आता दोन डबे शेजारी शेजारी ठेवू. साध्या टाल्कम पावडरीत मुख्य असतो तो टाल्क, आपल्या भाषेतलं शंखजिरं. मॅग्नेशियम आणि सिलिका यांचं हे खनिज, आपल्या देशात सर्वांत जास्त राजस्थानात निघतं. खनिजांचा कठीणपणा मोजायची एक ते दहा अशी पट्टी आहे. तिच्यावर दहावा हिरा आणि पहिला टाल्क, म्हणजे नखाने ओरखडा पडेल इतका मऊ. त्याचे कण गोल नसतात, अभ्रकासारखे पातळ पापुद्रे असतात आणि ते एकमेकांवरून घसरतात. बोटांत चिमूट चोळली की जो गुळगुळीतपणा जाणवतो तो या पापुद्र्यांचा. कॅरम बोर्डावर भुकटी टाकली की सोंगटी सर्रकन पळते, टाल्क कातडीवर तेच काम करतो.

लोक समजतात की टाल्क घाम शोषतो. याची परीक्षा घरात एका मिनिटात होते. एका बशीत पाण्याचे दोन थेंब ठेवायचे. एकावर साध्या टाल्कम पावडरीची चिमूट टाकायची, दुसऱ्यावर स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लॉर. टाल्क थेंबावर साय धरल्यासारखा तरंगत राहतो, आत जायला तयार नसतो, कारण त्याचे पापुद्रे पाण्याला जवळ करत नाहीत. कॉर्नफ्लॉर ओलं होऊन खाली बसतं आणि थोड्या वेळाने त्याची खळ होते. म्हणजे एक पाणी घेत नाही आणि दुसरं घेतं पण चिकट होतं. बाजारातल्या टाल्कम पावडरीत सुगंध आणि थोडे इतर घटक असतात, त्यामुळे तुमचा डबा थोडा वेगळा वागेल, पण फरक डोळ्यांना दिसतो. सुक्या कातडीवर घर्षण कमी करणं, ही टाल्कची खरी कामगिरी. घाम आल्यानंतर वरून तो थापला तर त्याच्या वळ्या होतात. गळ्याच्या घड्यांत संध्याकाळी ज्या पांढऱ्या रेघा दिसतात त्या याच. तोवर गुळगुळीतपणा संपलेला असतो आणि कातडीवर रेतीसारखं काहीतरी घासत असतं.

घामोळ्याच्या पावडरीतही बहुधा पाया टाल्कचाच असतो. त्यात मेंथॉल, कधी कापूर, झिंक ऑक्साइड, स्टार्च आणि बऱ्याच डब्यांत बोरिक ॲसिड मिसळलेलं असतं. झिंक ऑक्साइड कातडीला शांत करतं, स्टार्च थोडा ओलावा घेतो, बोरिक ॲसिड जंतूंची वाढ जरा रोखतं. पण लोक पैसे मोजतात ते मेंथॉलला, त्या गारव्याला. आणि तो गारवा, खरं सांगायचं तर, भास आहे. आपल्या कातडीतल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारा एक ग्राहक असतो. मेंथॉल त्याला थंडी नसतानाच जागं करतं आणि मेंदूला 'गार लागलं' अशी खबर जाते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूशियन यांना तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या ग्राहकांच्या शोधासाठी 2021 चं नोबेल मिळालं. त्यांनी हा थंडीचा ग्राहक शोधताना मेंथॉलच वापरलं होतं. तिथे थर्मामीटर लावलात तर पारा होता तिथेच राहील.

भास असला म्हणून निरुपयोगी नाही. गारव्याच्या त्या खबरीपुढे खाजेची खबर मागे पडते, रात्री झोप लागते. धोका वेगळाच आहे, आणि तो काकूंच्या बाबतीत मी स्वतः पाहिला. मान गार वाटायला लागल्यावर त्या दहा वाजता घ्यायची विश्रांती टाळून सलग अकरापर्यंत तव्यापुढे उभ्या राहायला लागल्या. म्हणजे गारवा खोटा आणि घाम खरा. त्यांची मान निवळली ती मला वाटतं पावडरीपेक्षा मधल्या चार दिवसांमुळे. गॅसची लाइन बंद होती म्हणून त्या आठवड्यात केंद्र चार दिवस बंद होतं.

आता घडीकडे येऊ. इथे नळी बंद होण्याचा प्रश्न दुय्यम आहे. मानेवर घाम येतो आणि हवेत उडून जाऊ शकतो, घडीत तो उडायला वावच नाही. कातडीवर कातडी टेकलेली, मधे घाम, आणि प्रत्येक हालचालीला दोन्ही बाजू एकमेकींवर घासतात. ओली कातडी नाजूक होते आणि घासून सोलली जाते. हे समजायला एक खूण पुरते. घडी उघडली तर वरची आणि खालची बाजू सारखीच लाल दिसते, पुस्तकाच्या दोन पानांवर एकच डाग उमटावा तशी. इथे टोचत नाही, जळतं, चरचरतं. कधी घडीच्या तळाशी बारीक चीर पडलेली असते. डॉक्टर याला इंटरट्रायगो म्हणतात. आपल्याकडे 'घामाने लागलंय' असं म्हणतात आणि तो शब्द मला जास्त नेमका वाटतो.

सोललेल्या ओल्या जागेवर मेंथॉल पडलं की काय होतं ते काकूंच्या डोळ्यांतल्या पाण्याने सांगितलंच. कापूरही तसाच झोंबतो. शिवाय पावडर घामात भिजून त्या चिरेत बसते आणि धुतल्याशिवाय निघत नाही. जळतं म्हणून त्या आणखी पावडर घालत होत्या, आणि आणखी जळत होतं. 'जळतंय म्हणजे औषध लागू पडतंय' ही समजूत आपल्याकडे टिंक्चर आयोडीनच्या काळापासून चालत आलेली आहे, ती काही केल्या जात नाही. मी त्यांना पावडर बंद करायला सांगितलं आणि विचारलं, लालीच्या बाहेर सुटे ठिपके आहेत का? त्यांनी मागच्या खोलीत जाऊन आरशात बघितलं आणि सांगितलं, "आहेत. आणि कडेला कातडी सोलटल्यासारखी."

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. नुसत्या घासण्याची लाली एकसंध असते आणि घडीपुरती राहते. पण ओल्या, गरम घडीत कॅन्डिडा नावाची बुरशी रुजली की रंग भडक होतो, जागा ओलसर चकाकते आणि मुख्य लालीच्या बाहेर बारीक लाल फोड किंवा ठिपके विखुरतात, जसं मोठ्या बेटाच्या आसपास छोटी बेटं. नायटा वेगळा. त्याची कड उंच आणि खवलेदार असते, ती बाहेर सरकत जाते आणि मधली कातडी निवळलेली दिसते, म्हणून तो जांघेत अर्धचंद्रासारखा पसरलेला दिसतो. या दोन्हीवर घामोळ्याची पावडर किंवा टाल्क, दोन्ही निरुपयोगी. बुरशीला बुरशीचंच औषध लागतं.

काकूंना मी बाईच डॉक्टर शोधून दिल्या, कारण त्यांची मूळ अडचण तीच होती. डॉक्टरांनी ती जागा बघून कॅन्डिडा आहे असं सांगितलं. क्लोट्रिमॅझोलचं 1 टक्क्याचं क्रीम दिवसातून दोनदा, पातळ थरात, आणि लाली गेल्यावरही आणखी दोन आठवडे लावायचं. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात. पाच दिवसांत जळजळ थांबते, ट्यूब बाजूला पडते आणि तीन आठवड्यांनी तीच बुरशी परत येते. घडीतली बुरशी वारंवार येत असेल तर रक्तातली साखर बघावी लागते, म्हणून तीही तपासली. त्यांची तीन महिन्यांची सरासरी 6.1 टक्के निघाली, म्हणजे मधुमेह नाही, पण काठावर. काकूंना त्याचा जास्त धक्का बसला, घडीतल्या लालीपेक्षा.

दुकानदार म्हणून एक कबुली द्यायला हवी. अशा वेळी गिऱ्हाईक बऱ्याचदा 'ते लगेच बरं करणारं मलम' मागतं. म्हणजे स्टेरॉइड, जिवाणूंवरचं औषध आणि बुरशीवरचं औषध एकाच ट्यूबमध्ये कालवलेलं. दोन दिवसांत लाली उतरते, कारण स्टेरॉइडने सूज दबते. पण बुरशीला तेवढ्यात रान मोकळं मिळतं, कातडी पातळ होते, घडीत तर फारच लवकर, आणि पुढे नायटा असा पसरतो की ओळखू येत नाही. ही मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. तरी ती किती सहज मिळतात हे मला सांगायला नको.

औषधापेक्षा काकूंना जड गेलं ते घडी सुकी ठेवणं. त्यांना जमलं ते असं. अकरा वाजता काम संपलं की आंघोळ, साबण फक्त सौम्य आणि तोही थोडा. टॉवेलने घासायचं नाही, सुती कापडाने टिपायचं. मग घडी उचलून पंख्याखाली दहा मिनिटं बसायचं. जुनी सुती साडी फाडून त्यांनी हातभर लांब, चार बोटं रुंद पट्ट्या केल्या. काम करताना अशी एक पट्टी घडीत ठेवायची, ओली झाली की बदलायची, सकाळी तीनदा. घाम शोषणारी खरी वस्तू ही पट्टी. ती घाम घेते आणि काढून टाकता येते, पावडर घाम घेवो न घेवो, तिथेच राहते. ब्लाउज एक आकडा मोठा आणि सुती. हे सगळं सांगताना मला ओशाळल्यासारखं होत होतं, कारण मी औषध विकते आणि सांगत होते जुन्या साडीबद्दल.

लाली पूर्ण गेल्यावर, कातडी पुन्हा अखंड झाल्यावर काकूंनी विचारलं, आता कुठली पावडर? इथे साध्या टाल्कला त्याचं काम मिळतं. आंघोळीनंतर, घडी सुकी झाल्यावर, तळहातावर चिमूटभर घेऊन दोन्ही हात चोळायचे आणि तो हात फिरवायचा. कातडी पांढरी दिसली तर जास्त झाली. बोट फिरवल्यावर सरकायला हवं आणि डोळ्यांना काही दिसायला नको. एवढ्या थराने दोन बाजू एकमेकींवर घसरतात, घासत नाहीत. घाम आला की हा थर संपला असं समजायचं. त्याच्यावर नवा थर द्यायचा नाही, धुऊन, सुकवून मग हवा असेल तर. ज्यांना घडीत वरचेवर बुरशी येते त्यांच्यासाठी तिसरा डबा असतो, क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल घातलेली पावडर. ती घामोळ्याची नाही, साधीही नाही, आणि रॅकवर या दोघींच्या शेजारी असली तरी ती औषध आहे. सक्रिय बुरशीवर क्रीम आणि नंतर उन्हाळाभर राखण म्हणून ही पावडर, असा वापर डॉक्टर सांगतात. मानेच्या घामोळ्याला तिचा उपयोग नाही, कारण तिथे बुरशीच नसते.

मानेसाठी मग घामोळ्याचीच पावडर का? हो, पण अखंड कातडीवर, घाम पुसून, दिवसातून एक-दोनदा आणि खाज आहे तोवर. साधी टाल्क मानेवर निरुपद्रवी आहे, पण खाजेला तिचा फारसा आधार नाही. मला विचाराल तर मानेच्या घामोळ्याला कॅलामाइन लोशन दोन्हीपेक्षा बरं. त्यात झिंक ऑक्साइड असतं, पाणी उडून जाताना कातडी खरंच थोडी गार होते, आणि तो गारवा थर्मामीटरलाही दिसावा असा. खोबरेल तेल आणि घट्ट क्रीम मात्र मे महिन्यात मानेपासून लांब. आंघोळीआधी मुलांना तेल चोळायची आपली पद्धत थंडीत ठीक, उन्हाळ्यात तोंड दाबलेल्या नळ्यांवर ती आणखी एक झाकण ठेवते.

मुलांचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. तान्ह्या बाळाच्या गळ्याच्या वळीत दूध आणि घाम साचून लाली येते, आणि आजी पावडरीचा पफ घेऊन तयार असते. टाल्कची भुकटी हवेत उडते आणि बाळाच्या छातीत गेली तर श्वासाचा गंभीर त्रास होऊ शकतो. म्हणून अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना बाळांना पावडर लावूच नका असं सांगते. घामोळ्याची पावडर तर बाळाला बिलकुल नको. मेंथॉल आणि कापूर लहान मुलांना सोसत नाहीत. बोरिक ॲसिड सोललेल्या कातडीतून रक्तात उतरतं. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत लंगोटाच्या पुरळावर ते सर्रास भुरभुरलं जायचं आणि त्यातून बाळांचे जीव गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. सोललेल्या घडीचं हेच तत्त्व मोठ्यांनाही लागू आहे, प्रमाण कमी इतकंच. बाळाची वळी कोमट पाण्याने धुऊन, टिपून, मान थोडी वर करून हवा लागू दिली तरी बहुतेक वेळा भागतं.

कॅन्सरचं काय, असं हल्ली सुशिक्षित गिऱ्हाईक हमखास विचारतं. खाणीत टाल्कच्या शेजारी ॲस्बेस्टॉसचे थर असू शकतात आणि ॲस्बेस्टॉस कॅन्सर घडवतं, हे पक्कं आहे. जुलै 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने टाल्कलाच 'बहुधा कर्ककारक' या गटात घातलं. माणसांमधल्या पुराव्याचा मोठा भाग बायकांनी गुप्तांगाजवळ वर्षानुवर्षं टाल्क वापरणं आणि बीजांडकोषाचा कॅन्सर यांच्याबद्दलचा आहे, आणि तो पुरावा मर्यादित आहे असं ती संस्थाच म्हणते. माझा हिशेब सोपा आहे. जांघेत आणि त्याच्या आत टाल्क वापरायची गरजच नाही, तिथे सुती पट्टी आणि सैल कपडा जास्त काम करतात. स्टार्चची पावडरही मिळते. स्टार्चवर बुरशी पोसते अशी भीती घालतात, पण माणसाच्या कातडीवर करून बघितलेल्या एका प्रयोगात कॅन्डिडा त्याने वाढली नव्हती. तरी बशीतला तो दुसरा थेंब आठवा. ओल्या घडीत त्याची खळच होणार.

डॉक्टरकडे कधी पाठवायचं याची माझी खूण अशी आहे. मानेच्या दाण्यांत पिवळा पू दिसला, ताप आला, किंवा गारव्यात राहूनही दोन आठवड्यांत फरक नाही. घडीत वास येतोय, पाणी सुटतंय, चीर पडलीय, बाहेर ठिपके आहेत किंवा कड सरकतेय. मधुमेह असेल तर यांतलं काहीही होण्याची वाट बघायची नाही. अशा वेळी मी डबा विकत नाही. माझा पोरगा म्हणतो, आई, तू दुकान चालवतेस की दवाखाना.

काकू यंदा एप्रिलमध्ये आल्या त्या पोळ्यांचं बिल द्यायला. केंद्रात त्यांनी आता वरच्या भिंतीला धूर ओढणारा पंखा बसवलाय, त्याने ज्योत हलत नाही. मान स्वच्छ होती. मी रॅककडे हात केला तर म्हणाल्या, "नको, साधा डबा अजून निम्मा शिल्लक आहे, गेल्या वर्षी नेलेला." मी तारीख विचारली. पिशवीतून चष्मा काढून त्यांनी आठवून सांगितली, ऑक्टोबरपर्यंतची होती. मग त्यांनी ब्लाउजच्या बाहीत खोचलेली साडीची एक पट्टी काढली, मानेवरचा घाम टिपला आणि ती पट्टी पिशवीतल्या दुसऱ्या कप्प्यात टाकली. सुक्या पट्ट्या पहिल्या कप्प्यात होत्या, मोजून तीन.